चिकन मुरवून उरलेला मसाला ग्रेव्हीत वापरायचा असेल तर

किलोभर चिकनला दह्याचा मसाला लावून ठेवला, दुसऱ्या दिवशी तुकडे सळईला ओवले, की भांड्याच्या तळाशी अर्धी-पाऊण वाटी मसाला उरतोच. त्यात दही असतं, काश्मिरी तिखट असतं, आलं-लसूण असतं, आणि तो सिंकमध्ये ओतणं जिवावर येतं. मग तो ग्रेव्हीत जातो. जायला हरकत नाही, पण दोन अटी आहेत. तोवर तो थंड राहिलेला असला पाहिजे, आणि पानात येण्याआधी आतपर्यंत खळखळून उकळलेला असला पाहिजे.

या दोन्ही अटी घरोघरी मोडतात. दही फाटेल या भीतीने मसाला अगदी शेवटी, गॅस बारीक करून घातला जातो. तो गरम होतो, पण उकळत नाही. दुसरीकडे, ‘उकळला की झालं’ असं म्हणून तीन-चार तास ओट्यावर राहिलेला मसालाही बिनधास्त वापरला जातो. पहिल्या चुकीला उपाय आहे. दुसरीला नाही, आणि त्याचं कारण पुढे येईल.

खालचे टप्पे चिकन टिक्का आणि त्याच्या ग्रेव्हीचे आहेत. मटणाच्या किंवा व्हिनेगरच्या मसाल्यालाही तोच क्रम लागू होतो, फक्त मसाल्यात दही नसेल तर ते फाटण्याचा प्रश्न नसतो.

आधी एक गैरसमज

‘लिंबू आणि मीठ आहे ना, मग जंतू कसले?’ हे वाक्य स्वयंपाकघरात फार चालतं. कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. चिकनला सुटणाऱ्या पाण्याबरोबर ते मसाल्यात उतरतात. दही-लिंबाच्या आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते, पण ते सगळे मरत नाहीत. शिवाय चिकनचं पाणी मिसळलं की मसाल्याचा आंबटपणाही पातळ होतो. लिंबाने चिकनचा वरचा थर पांढरट होतो आणि शिजल्यासारखा दिसतो. तो दिसण्यापुरताच शिजलेला असतो.

म्हणजे चिकन ज्यात मुरलं तो मसाला कच्च्या चिकनइतकाच कच्चा. त्याच्याशी वागायचं तेही कच्च्या चिकनसारखंच.

टप्पा १: चिकन घालण्याआधीच थोडा मसाला बाजूला काढा

सगळ्यात सोपा मार्ग हा आहे आणि तो हमखास विसरला जातो. १ किलो बोनलेस चिकनसाठी मी मसाल्याचं प्रमाण असं धरतो: २५० ग्रॅम टांगून घट्ट केलेलं दही, २ मोठे चमचे आलं-लसूण पेस्ट, २ मोठे चमचे काश्मिरी तिखट, एका लिंबाचा रस, २ छोटे चमचे मीठ, २ मोठे चमचे तेल, छोटा चमचाभर गरम मसाला आणि चुरडलेली कसुरी मेथी. हे सगळं एका भांड्यात फेटून घ्या, चव बघा आणि मीठ-तिखट आत्ताच जमवा. मग त्यातला ३-४ मोठे चमचे मसाला स्वच्छ वाटीत काढून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. चिकन त्यानंतर घाला.

बाजूला काढलेल्या या मसाल्याला कच्चं चिकन लागलेलंच नाही. तो चटणीत फेटा, रोलमध्ये लावा, ग्रेव्हीत शेवटी घाला, काहीही करा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर मी याच मसाल्यावर थांबेन आणि तळाशी उरलेला टाकून देईन.

पाहुण्यांत कुणी शाकाहारी असेल तर पनीरचा मसालाही याच वेळी वेगळा करा. चिकन काढून झाल्यावर त्याच भांड्यात पनीर घोळवणं हा प्रकार मी अनेक घरांत पाहिलाय. शाकाहारी माणसाची फसवणूक होते ती वेगळीच. पण पनीर आपण फक्त वरून भाजतो, त्यामुळे त्याला चिकटलेला कच्चा मसाला नीट तापतोच असं नाही.

> इशारा: चिकन घातल्यानंतर ‘मीठ बघू’ म्हणून मसाल्यात बोट बुडवून चाटू नका. चव बघायची ती चिकन घालण्याआधी, नाहीतर उकळल्यावर.

टप्पा २: मुरवताना फ्रिज आणि घड्याळ

मुरवायचं ते फ्रिजमध्येच, अर्धा तास असो वा रात्रभर. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चांगल्या प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ दही-लिंबाला चालत नाही. झाकण लावून भांडं फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे गळलंच तर कोथिंबिरीवर किंवा दुधावर गळणार नाही. दह्यात मुरवलेलं चिकन २४ तासांत पुरेसं मुरतं. दोन दिवसांपलीकडे तर मुळीच ठेवू नका. तोवर मांस पिठूळ व्हायला लागतं आणि जोखीमही वाढते.

खरी गडबड असते ती फ्रिजबाहेरच्या वेळेत. कच्चं मांस ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या पट्ट्यात असलं की जंतू वेगाने वाढतात. म्हणून नियम असा, की बाहेरचा एकूण वेळ दोन तासांच्या आत हवा, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत. विदर्भातला मे असो की मुंबईतला ऑक्टोबर, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरांना हा एक तासाचाच नियम लागू होतो.

‘एकूण’ हा शब्द इथे मुद्दाम घातलाय. चिकन बाजारातून आणताना लागलेली २५ मिनिटं, मसाला लावतानाची १५ मिनिटं आणि भाजण्याआधी ‘जरा नॉर्मलला येऊ दे’ म्हणून बाहेर ठेवलेली अर्धा तास, यांची बेरीज ७० मिनिटं होते. उन्हाळ्यात एवढ्यातच तास उलटून गेला, आणि उरलेला मसाला अजून ओट्यावरच आहे.

> तपासा: मधे वीज गेली होती का? फ्रिजचं दार बंद राहिलं असेल तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल किंवा दार सारखं उघडलं गेलं असेल, तर उरलेला मसाला वापरायचा विचार सोडा. चिकनही टाकावंच लागेल.

टप्पा ३: चिकन काढल्या काढल्या मसाल्याचा निर्णय

तुकडे सळईला ओवून झाले की भांडं तसंच ओट्यावर राहतं. चिकन भाजून होतं, पाहुणे पहिला घास घेतात, आणि मग कुणाला तरी ग्रेव्हीची आठवण होते. हा मधला वेळच मसाला बिघडवतो. चिकन काढलं की लगेच ठरवा. आत्ता उकळणार असाल तर गॅसवर चढवा, नंतर उकळणार असाल तर झाकून परत फ्रिजमध्ये ठेवा. मात्र त्याच दिवशी उकळा. कच्चा मसाला ‘पुढच्या खेपेला’ म्हणून साठवायचा नाही आणि त्यात दुसरं कच्चं मांस मुरवायचं नाही.

बाहेर जास्त वेळ राहिलेला मसाला उकळूनही का चालत नाही, तेही इथेच सांगतो. उकळल्याने जिवंत जंतू मरतात. पण काही जंतू वाढताना अन्नात विष सोडतात, आणि ते विष उकळीलाही दाद देत नाही. स्टॅफिलोकोकस हा त्यातला ओळखीचा. तो माणसाच्या हातांवर आणि नाकात असतो, मसाला कालवताना आपल्याकडूनच त्यात जातो, आणि खारट पदार्थांतही वाढू शकतो. त्याचं विष तयार झालेलं असेल तर ग्रेव्ही अर्धा तास रटरटली तरी ते तसंच राहतं. वासावरून किंवा चवीवरून काहीही कळत नाही, कारण लसूण आणि गरम मसाल्यापुढे कसला वास यायचा? इथे भरवसा फक्त घड्याळाचा.

माशांच्या बाबतीत हाच मुद्दा आणखी कडक होतो. बांगडा, कुपा यांसारखे मासे बाहेर राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि तेही शिजवून जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात आणि लोक म्हणतात, ‘माशाची ॲलर्जी झाली.’ माशांचा उरलेला मसाला मी वापरत नाही. तो उरतोच किती? चमचाभर रेशादसाठी एवढी उस्तवार परवडत नाही.

टप्पा ४: उकळणं, आणि दही न फाटू देणं

आता मुख्य काम. जंतू मारणं आणि दही सांभाळणं ही दोन्ही एकाच भांड्यात जमतात, फक्त गॅसवर ठेवण्याआधीची तयारी चुकवायची नाही.

१. उरलेला मसाला जाड बुडाच्या छोट्या पातेल्यात काढा. त्यात चिकनचा तुकडा किंवा चरबी राहिली असेल तर काढून टाका. जाड तुकडा आतून उशिरा तापतो.

२. मसाला अर्धी-पाऊण वाटी असेल तर तेवढंच पाणी घाला. घट्ट मसाला नीट उकळत नाही. तळाशी वाफ धरते, कडेने बुडबुडे फुटतात, ओट्यावर शिंतोडे उडतात आणि आपल्याला वाटतं उकळी आली. मधला भाग तेव्हा कोमटच असतो. पातळ केलेला मसाला सगळीकडून सारखा तापतो.

३. छोटा चमचाभर बेसन दोन चमचे पाण्यात गुठळी न राहू देता कालवून मसाल्यात फेटा. कढीला बेसन लावतो त्याच कारणासाठी. बेसनामुळे दही धरून राहतं आणि मग गॅस वाढवायची भीती उरत नाही. हे सगळं पातेलं गार असतानाच करायचं.

४. मध्यम आचेवर ठेवा आणि पहिली उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळत राहा. हात थांबवू नका, झाकण ठेवू नका.

५. ढवळत असतानाही मधोमध मोठे बुडबुडे येत राहिले, थांबले नाहीत, की ती खरी उकळी. तिथून घड्याळ लावून पाच मिनिटं उकळा. घट्ट होत गेला तर पाण्याचा हबका मारा.

साल्मोनेलासारखे जंतू मारायला पाच मिनिटं लागत नाहीत. ७४ अंशांना ते जवळजवळ लगेच मरतात आणि उकळता मसाला त्याच्या बराच वर असतो. ही पाच मिनिटं आहेत ती आपल्या अंदाजातल्या चुकीसाठी: न ढवळलेला कोपरा, तळाला चिकटलेली गुठळी, पातेल्याच्या काठावर सुकलेला थर. तो काठाचा थर ओल्या चमच्याने खरवडून उकळत्या मसाल्यात ढकला.

> तपासा: स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मसाला नीट ढवळून टोक मधोमध धरा, पातेल्याच्या तळाला टेकवू नका. खरी उकळी असेल तर आकडा नव्वदीच्या पुढे असतो. रंगावर जाऊ नका. काश्मिरी तिखटामुळे कच्चा मसालाही तितकाच लाल दिसतो.

> इशारा: मायक्रोवेव्हमध्ये हे काम करू नका. तिथे एका बाजूला उकळी आणि दुसऱ्या बाजूला गार असं सहज होतं.

उकळताना मसाल्यात करडे-पांढरे कण दिसू लागले तर घाबरू नका. चिकनच्या पाण्यातली प्रथिनं उष्णतेने गोठतात, त्यांचे ते कण. दही थोडं फुटलं तरी तो दिसण्याचा प्रश्न आहे, पोटाचा नाही. मसाला जरा निवू द्या आणि गाळणीतून गाळा किंवा मिक्सरला फिरवा. मात्र मिक्सर उकळल्यानंतरच. आधी फिरवलात तर भांडं, झाकण, रबर आणि पाती या सगळ्याला कच्चं चिकन लागलं, आणि त्याच भांड्यात लगेच टोमॅटो-काजू वाटले की पहिल्यापासून सुरुवात.

टप्पा ५: चमचे, ब्रश आणि ताटं बदला

मसाला उकळला आणि पातेल्यात कच्च्या वेळचाच चमचा पुन्हा बुडवला, तर सगळी मेहनत पाण्यात. उकळी येईपर्यंत ढवळलेला चमचा पाच मिनिटं त्याच उकळीत राहिला असेल तर गोष्ट वेगळी. पण ओट्यावर टेकवून ठेवलेला चमचा धुवायलाच हवा.

ब्रशचं तर फारच सोयीस्करपणे विसरलं जातं. भाजताना चिकनला वरून कच्चा मसाला लावायची सवय असेल तर तो पहिल्या निम्म्या वेळेतच लावा, म्हणजे नंतर त्याला भाजायला वेळ मिळेल. त्यानंतर वितळलेलं बटर किंवा उकळलेला मसाला लावा, आणि तोही वेगळ्या ब्रशने. शेवटच्या मिनिटाला चकाकी यावी म्हणून कच्चा मसाला फासणं म्हणजे शिजलेल्या चिकनवर कच्चं चिकन फासणं.

कच्चे तुकडे ज्या ताटात होते त्यात भाजलेले ठेवू नका. आणि चिकन नळाखाली धुण्याच्या सवयीबद्दल एक आगाऊ सल्ला: धुतल्याने जंतू जात नाहीत, ते सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. शिवाय न टिपलेलं पाणी मसाल्यात उतरतं आणि तळाशी अर्ध्या वाटीऐवजी दीड वाटी बेचव पाणी उरतं. धुवायचंच असेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवा आणि टिश्यूने कोरडं करा.

टप्पा ६: ग्रेव्ही

उकळलेला मसाला तयार असताना ग्रेव्हीला वीसेक मिनिटं लागतात. २ मोठे चमचे तेल-बटरवर २ मोठे कांदे बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत परता. ३ टोमॅटो आणि १०-१२ भिजवलेले काजू यांची पेस्ट घाला आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतत राहा. आता उकळलेला मसाला घाला, वाटीभर गरम पाणी घाला आणि सगळी ग्रेव्ही पुन्हा एकदा रटरटू द्या.

मीठ आत्तापर्यंत घातलेलं नाही, आणि ते बरंच झालं. उरलेल्या मसाल्यात किलोभर चिकनच्या हिशोबाचं मीठ-तिखट असतं आणि उकळून आटल्यावर तो आणखी खारट लागतो. चव बघा आणि मगच मीठ घाला. खारटच झाली असेल तर टोमॅटोची पेस्ट किंवा काजू वाढवा. चिमूटभर साखरेने खारटपणा झाकला जात नाही, फक्त ग्रेव्ही गोडसर खारट होते.

चिकनचे तुकडे वेगळे भाजून घेतलेले असतील तर सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध ७४ अंश आहेत का ते बघा, मगच ग्रेव्हीत घाला. थर्मामीटर नसेल तर तो तुकडा मधून कापा. आत काचेसारखा चकाकता, ओलसर भाग दिसला तर तुकडे ग्रेव्हीत झाकण ठेवून आणखी आठ-दहा मिनिटं उकळा. क्रीम आणि कसुरी मेथी सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून. गॅस बंद करून घालायच्या वस्तू या दोनच. टप्पा १ मध्ये वेगळा काढलेला मसाला असेल तर तो तिसरा.

घाईत असाल आणि मसाला वेगळा न उकळता थेट कांदा-टोमॅटोच्या परतणीत घातला, तरी चालतं. मात्र मग तो परतणीत लगेच घालायचा, बेसन आणि पाण्यासकट, आणि पूर्ण ग्रेव्ही निदान दहा मिनिटं उकळायची. चूक क्रमाची होते: क्रीमनंतर कच्चा मसाला, आणि वर ‘आता उकळू नका, फाटेल’ अशी सूचना.

टप्पा ७: उरलं तर

ग्रेव्ही किंवा नुसता उकळलेला मसाला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, कडक उन्हाळ्यात एका तासात. खोल पातेलं तसंच आत ठेवू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पसरट डब्यात दोन-तीन बोटं उंचीचा थर करून ठेवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकेल, त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीझरमध्ये. नुसता उकळलेला मसाला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर एकेक खडा अंडा करीला किंवा बटाट्याच्या रश्शाला कामाला येतो. तो उकळत्या रश्शातच टाका आणि पुन्हा उकळी आल्यावरच गॅस बंद करा. डब्यावर तारीख लिहा, आणि घरात शाकाहारी माणूस असेल तर ‘चिकन’ असंही लिहा.